शाळेचं विज्ञान प्रदर्शन: सारखे सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं (पलूस-वाळवा-मिरज पट्ट्यातल्या शाळांसाठी)

दरवर्षी दिवाळीच्या आसपास माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न येतात, आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांचे, पालकांचे, कधी मुलांचे पण. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि प्रदर्शनाचं काम बरीच वर्षं माझ्याच गळ्यात आहे, म्हणून यंदा सगळं एकदाच लिहून टाकते. उदाहरण मुद्दाम एकच घेतलंय, क्षारपड मातीचं, कारण ते आमच्या मुलींनी केलं आणि त्यात चुकायचं तेवढं सगळं चुकून झालं.

१. मॅडम, प्रदर्शनाला मॉडेलच लागतं का? नुसता प्रयोग चालतो का?

चालतो, आणि माझं मत विचाराल तर तोच चालायला पाहिजे. ज्वालामुखी, थर्माकोलची सूर्यमाला, पाणी फिरवणारी पवनचक्की ही मॉडेलं वाईट नाहीत, पण त्यात मुलानं शोधलेलं काहीच नसतं. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर घातल्यावर फेस येणार हे त्याला करायच्या आधीपासून माहीत असतं. आमच्या शाळेत नियम साधा आहे: टेबलावर काहीही ठेवा, मॉडेल ठेवा, यंत्र ठेवा, पण वर पाटीवर एक प्रश्न पाहिजे ज्याचं उत्तर तुम्ही स्वतः मोजून काढलंय. "ठिबक सिंचन" हा प्रश्न नाही. "ठिबकच्या पहिल्या आणि शेवटच्या छिद्रातून दहा मिनिटांत पडणाऱ्या पाण्यात फरक किती?" हा प्रश्न आहे, आणि त्याला एक नळी, चार मग आणि मोजपात्र एवढंच लागतं.

२. विषय कुठून आणायचा? मुलं यूट्यूबवरचंच घेऊन येतात.

घरात आणि रानात बघायला सांगा. आपल्याकडं हळद आहे, आणि हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात लाल होतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण घरात वापरतो त्यातल्या कुठल्या साबणानं, भांड्याच्या पावडरीनं, शाम्पूनं होतो आणि कुठल्यानं होत नाही, हे किती जणांनी क्रमानं लावून बघितलंय? तासगावकडच्या मुलांना बेदाणा आहे, द्राक्षं डिपिंग केलेली आणि न केलेली रोज एकाच वेळी वजन करून कुठली किती दिवसांत सुकतात बघायचं. फक्त तो हंगाम जानेवारीनंतरचा, म्हणजे प्रयोग आदल्या वर्षी करून ठेवावा लागतो.

आमच्या आठवीतल्या दोघींचा विषय असाच आला. एकीच्या मामाच्या रानात उन्हाळ्यात ढेकळांवर पांढरं फुटायचं आणि तिथं ऊस खुरटायचा. मामा म्हणायचे रान क्षारपड झालंय, पाणी जास्त झालं. पोरीचा प्रश्न असा होता की पाण्यानंच जर मीठ वर आलं असलं, तर पाण्यानंच ते धुऊन खाली का जात नाही? मला वाटतं याच्यापेक्षा चांगला प्रश्न मला त्या वर्षी कुणी विचारला नाही, शिक्षकांच्या मीटिंगमध्ये पण नाही.

३. तो क्षारपड मातीचा प्रयोग नक्की कसा केला? स्टेप सांगा.

एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेतल्या, तळ कापून टाकला, बाटली उलटी करून तोंड खाली. झाकणाला गरम सुईनं पाचसहा भोकं, आतून सुती कापडाचा तुकडा. ही झाली निचरा असलेली बाटली. दुसरी तशीच, पण झाकणाला भोकं नाहीत, म्हणजे निचरा नसलेलं रान. दोन्हीत २००-२०० ग्रॅम माती, तीच माती, वाळवून, फोडून, पिठाची जुनी चाळण लावून.

पहिल्यांदा १०० मिली पाणी घालून माती नुसती भिजू दिली. मग प्रत्येक वेळी १२० मिली घालायचं, खाली मगात साधारण १०० मिली जमा होऊ द्यायचं आणि ते पाणी टीडीएस मीटरनं मोजायचं. असं पाच वेळा. दुसऱ्या बाटलीत एकदाच पाणी घातलं आणि दोन्ही बाटल्या उन्हात ठेवल्या.

आता समजा आकडे असे आले: पहिल्या निचऱ्याचं पाणी ४२००, दुसरं २१००, तिसरं ११५०, चौथं ७८०, पाचवं ६४०. आणि जे पाणी आपण वरून घालतोय त्याचंच ३१०. मीटरचा आकडा म्हणजे ढोबळमानानं एका लिटरात किती मिलिग्रॅम क्षार. पाचही आकड्यांची बेरीज ८८७०, प्रत्येक वेळी १०० मिली म्हणजे लिटरचा दहावा भाग, म्हणजे खाली एकूण ८८७ मिलिग्रॅम आले. त्यातले आपणच वरून घातलेले ३१० च्या दहाव्या भागाच्या पाचपट, म्हणजे १५५, वजा करा. राहिले ७३२, साधारण पाऊण ग्रॅम. २०० ग्रॅम मातीतून चिमटीभर मीठ खाली आलं, हे मुलगी परीक्षकाला हातात मीठ धरून दाखवू शकते.

आणि भोकं नसलेल्या बाटलीत काय झालं? पाणी वरच तुंबलं, मग उन्हानं उडून गेलं, आणि आठदहा दिवसांत मातीच्या वर परत पांढरा थर. पोरीच्या प्रश्नाचं उत्तर त्या बाटलीत होतं: पाणी मीठ खाली नेतं, पण खालून बाहेर जायला वाट पाहिजे. वाट नसली की पाणी वरच्या वर उडतं आणि मीठ मागं ठेवून जातं. जमिनीखाली भोकाचे निचरा पाइप टाकतात ते यासाठीच.

४. आमच्या बाटलीतून पाणी खाली पडतच नाही. काय चुकलं?

बहुतेक काहीच चुकलं नाही, काळी माती आहे ती. पहिल्या खेपेला आम्ही ५०० ग्रॅम माती भरली आणि रात्रभर ठेवूनही मगात चमचाभर पाणी नव्हतं. म्हणून तर २०० ग्रॅमवर आलो. माती दाबून भरू नका, हलवून बसू द्या.

पण एक खूण बघून ठेवा. सुरुवातीला थेंब बरे पडत होते आणि दोनतीन वेळा धुतल्यावर बंदच झाले, शिवाय जे आलं ते कापडातूनसुद्धा गढूळच, तासभर ठेवलं तरी निवळत नाही, असं असलं तर माती नुसती खारवट नसून चोपण असायची शक्यता आहे. तिच्यात सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो, आणि मोकळे क्षार धुऊन गेले की कण फुटून भोकं बुजवतात. अशा मातीला जिप्सम देतात, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं. नुसत्या खारवट मातीत जिप्समचा तसा उपयोग नाही, तिथं निचराच पाहिजे. टीडीएस मीटरवर हा फरक दिसत नाही, त्याला माती परीक्षणाचा रिपोर्टच लागतो. मुलांनी फलकावर "आमची माती चोपण आहे" असं लिहू नये, "चोपण असावी असं वाटतं, कारण..." असं लिहावं. परीक्षक यावर खूश होतात, खोटं नाही सांगत.

५. टीडीएस मीटर दोनतीनशे रुपयांचा. त्याच्यावर विश्वास ठेवायचा का?

आधी तपासा, मग ठेवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १ ग्रॅम नीट मोजता येत नाही, म्हणून १० ग्रॅम मीठ एक लिटर पाण्यात विरघळवा, त्यातलं १०० मिली घेऊन परत एक लिटर करा. झालं लिटरला १ ग्रॅम. पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड. मीटरनं हजाराच्या आसपास दाखवलं तर बरा आहे. १३०० दाखवला तरी फेकू नका, सगळ्या मापांना तोच मीटर वापरा आणि वहीत लिहा की आमचा मीटर एवढा जास्त दाखवतो.

दुसरं म्हणजे हजाराच्या वर गेलं की बऱ्याच पेनसारख्या मीटरवर कोपऱ्यात बारीक `x10` येतं. आमच्या मुलींनी एक अख्खा दिवस ११५० च्या जागी ११५ लिहिलं आणि त्यांना वाटलं माती दोन धुण्यांत गोड झाली. मला संशय आला तो एवढ्यावरूनच की धुतलेलं पाणी वरून घातलेल्या पाण्यापेक्षा स्वच्छ कसं? निघणारं पाणी घातलेल्या पाण्याच्या आकड्याच्या खाली गेलं की समजायचं वाचण्यात चूक आहे. आणि हो, बोअरचं पाणी वापरणार असाल तर आधी त्याचाच आकडा घ्या, काही ठिकाणी बोअरच इतकं खारट असतं की धुऊन काही उपयोग नाही.

६. पुढं बी पेरून दाखवलं तर जास्त मार्क पडतात का?

मार्कांसाठी नाही, पण मीटरवरचा आकडा झाडाला कळतो का, हे त्याच्यानंच ठरतं. मूग घ्या, लवकर उगवतो. तीन माती: मामाच्या रानातली न धुतलेली, तीच पाच वेळा धुतलेली, आणि शेजारच्या चांगल्या रानातली. प्रत्येकीच्या तीन वाट्या, वाटीत २० बिया, म्हणजे एका मातीला ६० बिया. तीन वाट्या कशाला तर एका वाटीत मुंगी लागते, एक कुणीतरी सांडतं. पाणी सगळ्यांना सारखं, मोजून. पाचव्या दिवशी मोजायचं, आणि "उगवलं" म्हणजे काय हे आधी ठरवायचं, आम्ही मातीच्या वर दिसणारा कोंब धरला.

बी किराणा दुकानातला खायचा मूग आणा. कृषी सेवा केंद्रातलं रंगीत पावडर लावलेलं बी मुलांच्या हातात नको. आणि थंडी पडली असली तर पाच दिवसांचे सात होतात, ते वेळापत्रकात धरा.

७. वेळापत्रक कसं आखायचं? आमच्याकडं नेहमी शेवटच्या आठवड्यात धावपळ.

प्रदर्शनाच्या तारखेपासून मागं मोजत या. तालुक्याचं प्रदर्शन आपल्याकडं सहसा दिवाळीनंतर असतं, नक्की तारीख परिपत्रकात येते, त्याच्या किमान दोन आठवडे आधी शाळेचं पाहिजे. शाळेच्या दिवसापासून मागं सहा आठवडे हा मुलांचा वेळ. पहिल्या आठवड्यात प्रश्न ठरवून एका पानावर लिहून द्यायचा: काय मोजणार, कशानं, किती वेळा. दुसऱ्यात सामान आणि एक कच्ची चाचणी. ही चाचणी बिघडणारच, बिघडू दे, त्यासाठीच ती आहे. तिसरा-चौथा आठवडा खरा प्रयोग, पाचवा तोच प्रयोग परत, आणि सहावा फलक आणि बोलायचा सराव. यात दिवाळीची सुट्टी मध्ये आली तर ती मोजू नका. मुलं गावाला जातात, वाट्यांना पाणी कोण घालणार?

क्षारपडीच्या विषयाला एक वेगळी अडचण आहे जी मला पहिल्या वर्षी कळली नाही. पावसाळ्यात वरचं मीठ धुऊन खाली जातं, मग ऑक्टोबरात रानात गेलं तर पांढरं काही दिसतच नाही. माती एप्रिल-मेमध्ये, थर फुटलेला असताना, वरच्या दोनतीन बोटांतली खरवडून भरून ठेवायची. वाळवून पिशवीत ठेवली तर क्षार कुठं जात नाहीत. म्हणजे विषय सुट्टी लागायच्या आधी ठरला पाहिजे. गळीत हंगाम सुरू झाला की तसंही घरच्यांना वेळ नसतो आणि ज्या रानातून माती आणायची तिथं ट्रॉल्या उभ्या असतात.

८. शिक्षकांनी किती मदत करायची? आणि पालकांनी?

मार्गदर्शक शिक्षकानं प्रश्न विचारायचे, उत्तरं द्यायची नाहीत. एवढं म्हणायला सोपं आहे, मला स्वतःला जमायला काही वर्षं गेली. वर सांगितलेली `x10` ची चूक मी बघितल्या बघितल्या सांगू शकले असते, पण मी एवढंच विचारलं की "वरून घातलेल्या पाण्याचा आकडा किती होता गं?" आणि पाच मिनिटांत दोघींनी स्वतः शोधलं. ती वहीतली खोडलेली ओळ नंतर परीक्षकांना सगळ्यात आवडली.

शिक्षकांची पक्की कामं तीन: एका शिक्षकाकडं पाचसहा टीमपेक्षा जास्त नको, दर आठवड्याला प्रत्येक टीमच्या वहीवर तारीख आणि सही, आणि धोका असेल तिथं स्वतः हजर. बाटली कापणं, गरम सुई हे मोठ्यांच्या समोर. प्रयोगशाळा परिचर दादांना सुरुवातीपासून सामील करा, कुठलं मोजपात्र फुटकं आहे ते त्यांनाच माहीत असतं.

पालकांनी माती आणून द्यावी, सामान आणावं, मुलाला रानात घेऊन जावं. फलक लिहू नये, मॉडेल बांधू नये. बाजारात तयार मॉडेल मिळतात आणि दरवर्षी एकदोन आमच्या दारात येतात, छान रंगवलेली. आम्ही ती नाकारत नाही, पण वही नसली तर गुणांकनाला बसवत नाही, फक्त मांडायला जागा देतो. एका वर्षी यावरून एका पालकांशी बरीच बाचाबाची झाली. नियम पहिल्याच आठवड्यात चिठ्ठीवर लिहून पाठवला असता तर टळली असती, आता पाठवतो.

९. प्रदर्शनाच्या दिवशी कोण काय करणार?

मुख्य समन्वयक एकच शिक्षक, आणि त्या दिवशी त्याच्याकडं दुसरं कुठलंही काम नको. एक शिक्षक फक्त वीज आणि सुरक्षा बघणार (त्याचं सविस्तर १२ मध्ये). एक जण परीक्षकांसोबत, पण गुणांवर बोलायचं नाही, वेळ सांभाळायची. गुणांची बेरीज करायला दोन शिक्षक, एकानं केलेली दुसऱ्यानं तपासायची. हे गणिताचे शिक्षक घ्या, विज्ञानाच्या शिक्षकांच्या स्वतःच्या टीम उभ्या असतात.

बाकी सगळं नववीची मुलं करतात, ज्यांचा प्रोजेक्ट नाही ती. नोंदणीचं टेबल, स्टॉल क्रमांक लावणं, बघायला येणाऱ्या पाचवी-सहावीच्या वर्गांना दहा दहाच्या गटात फिरवणं. हे शेवटचं काम नीट नसलं तर एका वेळी सगळी शाळा घुसते आणि मुगाच्या वाट्या जमिनीवर येतात.

१०. गुण कसे द्यायचे? काही ठरलेला तक्ता आहे का?

एनसीईआरटीच्या बाल विज्ञान प्रदर्शनाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जी विभागणी आहे तीच आम्ही वापरतो: मुलांची स्वतःची कल्पकता २०, मौलिकता आणि नावीन्य १५, वैज्ञानिक विचार आणि पद्धत १५, तांत्रिक कौशल्य आणि कारागिरी १५, उपयुक्तता आणि शैक्षणिक मूल्य १५, कमी खर्च, टिकाऊपणा आणि सहज नेता येणं याला १०, सादरीकरण १०. एकूण १००. तालुक्याच्या परिपत्रकात वेगळा तक्ता आला तर तो पाळा.

नवीन परीक्षक चुकतात ते इथं की चकचकीत बोर्ड बघून कारागिरी, सादरीकरण आणि कल्पकता तिन्हीकडं भरभरून देतात. म्हणून आम्ही तक्त्याखाली एकेक ओळ लिहून देतो. "कल्पकता" म्हणजे प्रश्न मुलाला कुठून सुचला ते विचारा. "वैज्ञानिक पद्धत" म्हणजे तुलनेला काय ठेवलं आणि किती वेळा केलं ते विचारा. आमच्या दोघींना भोकं नसलेल्या बाटलीनं आणि तीन-तीन वाट्यांनी या रकान्यात १५ पैकी १३ मिळाले, कारागिरीत मात्र ८, कारण कापलेल्या बाटल्या दिसायला बाटल्याच होत्या. ठीक आहे, तसंच असायला पाहिजे.

११. प्रोजेक्ट ४० आहेत आणि परीक्षक कमी. कसं बसवायचं?

हिशोब करून बघा. एका स्टॉलला ८ मिनिटं धरली तर ४० चे ३२० मिनिटं, म्हणजे ५ तास २० मिनिटं, आणि शेवटच्या स्टॉलपर्यंत परीक्षक झोपेला येतो. म्हणून दोन गट, प्रत्येकी २० स्टॉल, १६० मिनिटं. दोन तास चाळीस मिनिटं, मध्ये चहा.

पण मग एक गट सढळ आणि एक गट हात आखडता असतोच. समजा पहिल्या गटाची सरासरी ७२ आली आणि दुसऱ्याची ६१. पहिल्यातला प्रोजेक्ट ८० चा आणि दुसऱ्यातला ७४ चा, तर वर कोण? नुसते गुण बघितले तर ८० वाला, पण तो आपल्या गटापेक्षा ८ नं वर आहे आणि ७४ वाला १३ नं. आम्ही प्रत्येक गटातले पहिले तीन काढतो आणि ते सहाही दोन्ही गटांनी मिळून परत बघतात. अर्धा-पाऊण तास जास्त जातो, पण संध्याकाळी स्टाफरूममधली भांडणं वाचतात. आपल्या शाळेच्या शिक्षकानं स्वतः मार्गदर्शन केलेल्या टीमला गुण द्यायचे नाहीत. परीक्षक म्हणून शेजारच्या शाळेतले शिक्षक बोलवा, त्यांच्याकडं तुम्ही जा. प्राथमिक आणि मोठा गट वेगळे ठेवा, सहावी ते आठवी आणि नववी ते बारावी, सहसा परिपत्रकात तेच असतात.

१२. वीज, गॅस, ॲसिड याचं काय? मुलं हट्ट करतात.

२३० व्होल्टची उघडी जोडणी नाही, बॅटरी किंवा ॲडाप्टरवर काय ते करा. उघडी ज्योत, तीव्र आम्ल, फटाक्याची दारू, पारा, रक्ताचे नमुने, जिवंत प्राणी यांना परवानगी नाही. एका एक्सटेन्शनमधून दुसरं एक्सटेन्शन काढायचं नाही. एका वर्षी हॉलच्या एका लाइनवर कुणीतरी पाणी तापवायची कॉइल लावली आणि निम्म्या हॉलची वीज गेली. तेव्हापासून अर्जातच "किती वॅट?" असा रकाना आहे आणि उष्णता लागणारे स्टॉल वेगळ्या लाइनवर, दाराजवळ.

पाण्याचे नमुने लागत असतील तर नदीवर मुलांनी एकटं जायचं नाही. कृष्णेला पाणी असताना तर अजिबात नाही, २०१९ चा पूर आपण सगळ्यांनी बघितलाय.

१३. प्रयोग परीक्षकांसमोर लाइव्ह दाखवायचा का? आमचा नेमका तेव्हाच फसतो.

आमचाही फसला. परीक्षक आले, मुलीनं पाणी ओतलं, आणि आठ मिनिटं तिघंही झाकणाकडं बघत बसले, एक थेंब पडला. दुसऱ्या वर्षीपासून आदल्या दिवसांत जमवलेलं पाचही निचऱ्यांचं पाणी पाच झाकणबंद बाटल्यांत क्रमानं ठेवलं आणि मीटर परीक्षकाच्या हातात दिला. त्यांनी स्वतः बुडवून बघितलं, आकडे वहीतल्या आकड्यांच्या जवळ आले. संथ प्रयोगाला हाच उपाय, तो चालू अवस्थेत ठेवा पण दाखवा ते मोजता येईल असं. जे ८ मिनिटांत घडत नाही ते घडवायच्या नादाला लागू नका.

१४. उत्तर अपेक्षेच्या उलट आलं तर प्रोजेक्ट बदलायचा का?

नाही. आधी ५ मध्ये सांगितल्यासारखी वाचण्यातली चूक शोधा, मग प्रयोग परत करा, आणि परत तेच आलं तर तेच लिहा. समजा धुतलेल्या मातीत ६० पैकी ४१ मूग उगवले आणि न धुतलेल्या मातीत ३८. हा फरक एवढा कमी आहे की वाट्या बदलल्या तर उलटा पण होईल, तिन्ही वाट्यांचे आकडे वेगवेगळे मांडले की ते डोळ्यांना दिसतं. तेव्हा "धुण्यानं उगवण वाढली" असं न लिहिता "या मातीत आम्हाला फरक सापडला नाही" लिहायचं. आकडे वाढवून लिहिलेली वही ओळखू येते, सगळे आकडे गोल येतात आणि एकाच पेनानं एकाच दिवशी लिहिलेले असतात.

१५. दोन टीमनी एकच विषय घेतला. एकाला काढायचं का?

विषय एक चालतो, प्रश्न एक चालत नाही. एक टीम निचरा बघेल, दुसरी कुठलं बी जास्त खारटपणा सोसतं ते बघेल, गहू, मूग, मेथी. पहिल्या आठवड्यातलं ते एक पान (प्रश्न ७) यासाठीच घ्यायचं, तेव्हा बदल सोपा असतो. टीम दोघांचीच ठेवा. तीन झाले की तिसरा पाणी आणायलाच असतो.

१६. टीममधली एक मुलगी ऐनवेळी आजारी पडली तर?

दुसरीनं एकटीनं मांडायचं, गुण कापायचे नाहीत, आणि बक्षीस आलं तर दोघींच्या नावानं. बदली मुलगी उभी करायची नाही, परीक्षकानं एक प्रश्न विचारला की तिची फजिती होते. यासाठीच सरावाच्या आठवड्यात दोघींनी सगळं सांगायचं, "मी आकडे सांगते तू माहिती सांग" असली वाटणी नको.

१७. माती कुणाच्या रानातली, पाणी कुठल्या ओढ्यातलं, हे फलकावर लिहायचं का?

गाव लिहा, रानाचा प्रकार लिहा (कॅनॉलखालचं, उसाचं, किती वर्षं बागायत), मालकाचं नाव लिहू नका. रान क्षारपड आहे म्हणून फलकावर नाव आलं तर उद्या जमिनीच्या भावाचा विषय होतो, आणि माणूस परत माती देणार नाही. माती घेण्याआधी विचारायचं आणि निकाल त्यांना आधी दाखवायचा. ओढ्याच्या पाण्यावरून अमुक कारखान्यानं घाण सोडली असंही लिहायचं नाही. टीडीएस मीटर क्षार किती ते सांगतो, ते कुणी टाकले ते सांगत नाही.

१८. तालुक्याला निवड झाली. आता काय बदलायचं?

प्रयोग बदलू नका. फक्त सामान प्रवासाला तयार करा, बाटल्यांना लाकडी स्टँड, पाण्याला घट्ट झाकणं, मीटरचे जादा सेल. त्या वर्षीचा मुख्य विषय आणि उपविषय परिपत्रकात असतात, आपला प्रोजेक्ट कुठल्या उपविषयात बसतो ते नीट वाचून भरा, चुकीच्या रकान्यात गेलेला चांगला प्रोजेक्ट मी बघितलाय. इन्स्पायर मानकला कल्पना पाठवायची असेल तर ती वेगळी नोंदणी असते, शाळेमार्फत ऑनलाइन, तिची मुदत प्रदर्शनाच्या बरीच आधी संपते.

आमच्या दोघींचं तालुक्याच्या पुढं काही झालं नाही. मामांनी मात्र पुढच्या उन्हाळ्यात रानाच्या खालच्या बांधाला चर काढली आणि निचऱ्याचं पाणी मोजायला भाचीला मीटर घेऊन बोलावलं. पहिला आकडा आला तेव्हा तिनं आधी `x10` आहे का ते बघितलं, असं तिनंच मला सांगितलं.